मुरुड नेमके कोठे आहे?

(मुरुड, जि. लातूर येथील एका विद्यालयात परिपाठाच्या वेळी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय नकाशावाचनाचा आहे. हातातल्या भ्रमणध्वनीवर गावाचे नाव टाकले की निळी रेघ उमटते आणि वळायचे कोठे हे तो बोलून सांगतो. मग नकाशा वाचायला शिकायचे कशासाठी, असा प्रश्न आज वर्गातला कोणताही चुणचुणीत विद्यार्थी विचारील आणि त्याने तो विचारावाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. आपल्या गावाचे नाव त्यासाठी पुरेसे आहे.

महाराष्ट्रात मुरुड नावाची निदान तीन प्रसिद्ध गावे आहेत. एक रायगड जिल्ह्यातील, ज्याच्या समोर समुद्रात सिद्दीचा जंजिरा उभा आहे. दुसरे रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळचे, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. तिसरे हे आपले, लातूर–बार्शी रस्त्यावरचे. परगावचा पाहुणा भ्रमणध्वनीवर नुसते 'मुरुड' असे टाकतो, तेव्हा यंत्र त्याला बहुधा समुद्रकिनारा दाखवते. यंत्राची त्यात चूक नाही. ज्या मुरुडला पर्यटक अधिक जातात ते त्याने पुढे केले. नावाने गाव ओळखता येते, परंतु सापडतेच असे नाही. गाव सापडते ते अक्षांश आणि रेखांश या दोन अंकांनी.

आता या अंकांची गंमत पाहा. आपले मुरुड आणि जंजिऱ्याचे मुरुड ही दोन्ही गावे जवळजवळ एकाच अक्षांशावर, १८ अंश उत्तरेच्या थोडे पुढे आहेत. नकाशावर पट्टी आडवी ठेवली की दोन्ही एका ओळीत येतात. फरक पडतो तो रेखांशात. जंजिऱ्याचे मुरुड ७३ अंश पूर्व रेखांशाला लागून आहे आणि आपले मुरुड सव्वाशहात्तर अंशांच्या आसपास. म्हणजे दोहोंत साधारण सव्वातीन अंशांचे अंतर आहे. या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. तेव्हा एका मुरुडपासून दुसरे मुरुड सरळ रेषेत साधारण ३४० किलोमीटर दूर आहे, हे गणित वहीवर दोन ओळींत सुटते.

पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणून आपल्याकडे सूर्य जंजिऱ्यापेक्षा सुमारे तेरा मिनिटे आधी माथ्यावर येतो. आपल्या घड्याळातली भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे. आपण त्या रेषेच्या सव्वासहा अंश पश्चिमेला, म्हणून आपली खरी मध्यान्ह घड्याळात साधारण बारा वाजून पंचवीस मिनिटांनी होते. हे पडताळून पाहायचे असेल तर १५ एप्रिल किंवा १ सप्टेंबरच्या सुमारास मैदानात एक सरळ काठी रोवावी आणि बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. सर्वांत आखूड सावली बारा-पंचवीसच्या आगेमागे मिळेल. या दोन तारखा मुद्दाम सांगितल्या. वर्षभरात सूर्य आपल्या घड्याळाच्या मानाने कधी पंधरा-सोळा मिनिटांपर्यंत पुढे किंवा मागे असतो आणि या दिवसांत तो फरक जवळजवळ शून्य होतो. शिवाय त्या आखूड सावलीची रेघ बरोबर उत्तर-दक्षिण असते, म्हणजे होकायंत्राविना दिशाही हाती लागली.

गावाची जागा ठरली. आता अंतर आणि दिशा. यासाठी येथून सरळ रेषेत वीसएक किलोमीटरवर असलेल्या तेरकडे जाऊ. संत गोरोबाकाकांचे तेर तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. परंतु तेर हेच प्राचीन तगर नगर होय, हे कसे ठरले याची हकिकत नकाशावाचनाचा एक उत्कृष्ट धडा आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिले गेलेले 'पेरिप्लस' नावाचे एक प्रवासवर्णन आहे. लेखकाचे नाव कोणास माहीत नाही. तो इजिप्तकडून आपल्या किनाऱ्यावर व्यापार करणारा माणूस असावा. तो लिहितो की, भडोच बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेकडे सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. तगरहून सुती कापड आणि मलमल गाड्यांत घालून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे. दिशा आणि दिवस एवढीच ही माहिती. पैठण आणि भडोच आजही जागेवर आहेत. तगर मात्र हरवले होते.

एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी तगरसाठी निरनिराळी गावे सुचवली. कोणी देवगिरी म्हटले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नर सुचवले, तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी बीड जिल्ह्यातील धारूर. ही सारी मोठ्या अधिकाराची माणसे होती. तेव्हा कोणाचे म्हणणे खरे, हे नावाच्या वजनावर ठरवायचे नसेल तर नकाशा उघडावा लागतो. महाराष्ट्र आणि गुजरात एकत्र दिसतील असा नकाशा, एक पट्टी आणि कंपास, इतके साहित्य पुरे.

पहिली पायरी मोजपट्टी मिळवण्याची. ग्रंथकाराचा 'एक दिवस' म्हणजे किती किलोमीटर हे आपल्याला माहीत नाही, पण त्याने दिलेल्या दोन अंतरांपैकी एक आपण मोजू शकतो. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर भरते. त्याला वीस दिवस लागत, म्हणजे सरळ रेषेत दिवसाला साधारण सतरा-अठरा किलोमीटर. वाट वळणावळणांची असणार, म्हणून गाडी प्रत्यक्षात याहून अधिक चालत असेल. लादलेल्या बैलगाडीला हा वेग अगदी शोभतो. आता पैठणवर कंपासाचे टोक ठेवून दहा दिवसांचे, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपासचे वर्तुळ काढावे. वाट कमीअधिक वळणाची असेल, तेव्हा दीडशेपर्यंतची सूट धरावी.

या वर्तुळाजवळ कोण येते? देवगिरी पैठणपासून जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे आणि तेही उत्तरेला. बैलगाडीला तेथे जायला दहा दिवस लागणार नाहीत. जुन्नर अंतराने बसू शकेल, पण ते पैठणच्या पश्चिमेला, म्हणजे सांगितलेल्या दिशेच्या नेमके उलट आहे. धारूरची दिशा पटते, मात्र अंतर सुमारे शंभर-सव्वाशे किलोमीटरच भरते, दहा दिवसांना ते थोडे पडते. तेर पैठणपासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरवर आहे. दिवसाला पंधरा किलोमीटर. चारही गावांत हेच सर्वांत जवळ बसते.

येथे एक चाणाक्ष विद्यार्थी हात वर करील. तेर पैठणच्या पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे, किंबहुना पूर्वेपेक्षा दक्षिणेकडेच अधिक झुकलेले आहे. मग ग्रंथकाराचे 'पूर्वेकडे' कसे जुळवायचे? आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तरही त्याच नकाशावर आहे. ग्रंथकार पैठणला भडोचच्या 'दक्षिणेकडे' म्हणतो. पट्टी ठेवून पाहिले तर पैठण भडोचच्या सरळ दक्षिणेला नसून आग्नेयेला आहे. माहीत असलेल्या टप्प्यात त्याची दिशा इतकी सरकलेली आहे, तेव्हा माहीत नसलेल्या टप्प्यातही ती तशी सरकलेली असू शकते. दोन्ही टप्प्यांतली चूक एकाच बाजूची नाही, म्हणून ती दुरुस्त करता येत नाही, पण त्याच्या दिशा ढोबळच धराव्या लागतात, हे तिच्यावरून कळते. व्यापाऱ्याच्या ऐकीव माहितीत असे होणारच. 

१९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे मांडले आणि अभ्यासकांनी ते स्वीकारले. शिलाहार राजे आपल्याला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, त्या बिरुदातले तगर हेच. पुढे तेरच्या पांढरीत रोमन व्यापाराच्या खुणा असलेल्या वस्तू सापडल्या. त्यांतील कितीतरी आज तेथील लामतुरे संग्रहालयात पाहता येतात. परंतु फावडे लागण्याआधी कागदावरच उत्तराची दिशा निघाली होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सहल तेरला नेण्यापूर्वी शिक्षकांनी हा वर्तुळाचा प्रयोग वर्गात एकदा अवश्य करून घ्यावा.

जागा, अंतर आणि दिशा झाली. राहिला उतार, आणि भ्रमणध्वनीवरचा नकाशा सहसा दाखवत नाही तो हाच. त्याला रस्त्याशी कर्तव्य असते. पाण्याला मात्र रस्ता कळत नाही, उतार कळतो.

आपल्या मुरुडच्या उत्तरेला मांजरा वाहते आणि दक्षिणेला तेरणा. या दोघींच्या मधल्या उंचवट्याच्या मुलखात, मुरुडच्याच परिसरात तावरजा उगम पावते, लातूर शहराच्या दक्षिणेकडून पूर्वेला जाते आणि मांजरेला मिळते. तेरणाही पुढे मांजरेलाच मिळते, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी पूर्वेच्या समुद्राला. जंजिऱ्याच्या मुरुडचे पाणी मात्र समोरच्या अरबी समुद्रात जाते. एकाच अक्षांशावरच्या, एकाच नावाच्या दोन गावांचे पाणी दोन समुद्रांना!

नदीचा उगम आपल्याकडे ही अभिमानाची गोष्ट खरी, पण नकाशा वाचणाऱ्याला त्यात एक इशाराही दिसतो. उगमाकडच्या गावाला वरून वाहत येणारे पाणी नसते. त्याच्या शिवारावर जेवढे पडेल तेवढेच त्याचे. जे अडवले नाही ते खालच्या गावांकडे निघून जाते. तेव्हा आपल्या शिवाराचा कोणता भाग कोणत्या ओढ्याला पाणी देतो हे माहीत असणे येथे इतरांपेक्षा अधिक निकडीचे आहे. ते कसे शोधायचे?

त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे, म्हणजेच सर्व्हे ऑफ इंडियाचे स्थलनिर्देशक पत्रक लागते. शिक्षक त्याला टोपोशीट म्हणतात. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या या विभागाने देशाचे चौकोन पाडून त्यांना क्रमांक दिले आहेत. जुन्या मालिकेत १६ ते २० अंश उत्तर आणि ७६ ते ८० अंश पूर्व हा चौकोन ५६ क्रमांकाचा. त्याचे सोळा भाग पाडले की आपला भाग 'बी' येतो आणि त्याचे पुन्हा सोळा भाग पाडले की एकास पन्नास हजार प्रमाणाची पत्रके मिळतात. लातूर शहर ५६ बी/११ वर आहे. मुरुड सव्वाशहात्तरच्या रेषेच्या जवळपास असल्याने आपल्या शिवारासाठी ५६ बी/३ आणि ५६ बी/७ ही शेजारची पत्रके जोडूनच पाहावीत. एकेकाळी अशी पत्रके मिळवणे सामान्य माणसाला अवघड होते. २०१७ पासून नव्या मालिकेतील पत्रके संकेतस्थळावरून उतरवून घेण्याची सोय झाली आणि २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने भूस्थानिक माहितीवरचे बरेचसे निर्बंध उठवले. नव्या मालिकेचे क्रमांक वेगळे आहेत, वाचण्याची रीत तीच.

पत्रक उघडले की प्रथम तपकिरी रेषा दिसतात. त्या समोच्चरेषा. एका रेषेवरचे सगळे बिंदू समुद्रसपाटीपासून एकाच उंचीचे असतात आणि या प्रमाणाच्या पत्रकावर शेजारच्या दोन रेषांमध्ये सामान्यतः २० मीटरांचा फरक असतो. दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. कोठे दोन रेषा एक सेंटिमीटर दूर असतील तर पाचशे मीटर चालण्यात जमीन २० मीटर उतरली, म्हणजे पंचवीस पावलांना एक पाऊल. रेषा दाटल्या की उतार तीव्र, विरळ झाल्या की सपाटी. ओढे शोधताना निळी रेघ शोधत बसू नये. या पत्रकांवर निळा रंग पाण्याचा असतो, पावसाळा संपताच कोरडे पडणारे ओढे काळ्या रेषांनी दाखवतात. आपल्या भागात काळ्या रेषाच अधिक भेटणार.

आता नेहमीची चूक. समोच्चरेषा कोठे कोठे इंग्रजी व्ही अक्षरासारखी वाकते. असा बाक घळीवरही असतो आणि डोंगराच्या सोंडेवरही, आणि दोन्ही सारखेच दिसतात. नवशिका दोहोंची अदलाबदल करतो आणि मग त्याला पाणी टेकडीवर चढताना दिसते. ओळखायचे कसे? रेषेवरचे उंचीचे आकडे पाहावेत. बाकाचे टोक जास्त आकड्याकडे असेल तर ती घळ, तेथून पाणी वाहते. टोक कमी आकड्याकडे असेल तर ती सोंड, तेथे पाणी दुभंगते. उपग्रहाच्या छायाचित्रात तर अनुभवी माणसालाही कधी फसायला होते. सावली आपल्यापासून दूर, वरच्या बाजूला पडली की दरी उंचवट्यासारखी दिसू लागते. अशा वेळी छायाचित्र उलटे फिरवून पाहावे आणि खात्रीसाठी पत्रकावरचे आकडे वाचावेत.

सोंडांचे बाक एका पेन्सिलीने जोडत गेले की एक रेषा तयार होते. तिच्या अलीकडचा पाऊस एका ओढ्याला, पलीकडचा दुसऱ्याला. हीच पाणलोटाची सीमा. ती गावाच्या शिवेशी, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या हद्दीशी जुळतेच असे नाही, आणि बांध-बंधाऱ्याची पुष्कळ कामे येथेच फसतात. काम गावाच्या हद्दीत बसते, पण त्याला पाणी देणारे रान फारच थोडे असते. बंधारा सुबक बांधला जातो आणि कोरडा राहतो.

रान किती हे मोजताही येते. पत्रकावर दोन सेंटिमीटर बाजूचा चौरस म्हणजे एक चौरस किलोमीटर. पाणलोटाच्या रेषेच्या आत असे किती चौरस बसतात ते मोजावे, कडेचे अर्धेमुर्धे जोडीने धरावेत. समजा, एका ओढ्याला एकच चौरस मिळाला. त्यावर २५ मिलिमीटरची एक चांगली सर पडली, तर पडलेले पाणी अडीच कोटी लिटर होते. त्यातले बरेचसे जमीन पिते, काही डबक्यांत आणि पिकांवर राहते. किती वाहील हे माती, उतार आणि आधीचा ओलावा यांवर अवलंबून आहे. समजण्यापुरता दहावा हिस्सा धरला तरी पंचवीस लाख लिटर पाणी त्या ओढ्यातून जाते.

हा आकडा लातूरकरांना नवा नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले तेव्हा मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी पोहोचली, तिच्यात दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, ती एका खेपेला साधारण पंचवीस लाख लिटर आणी. सव्वातीनशे किलोमीटरांहून अधिक लांबून आलेल्या त्या एका गाडीइतके पाणी एका चौरस किलोमीटर रानातून एका सरीत वाहून जाऊ शकते. अर्थात ओढ्यातले पाणी आणि नळाला देण्याजोगे पाणी यांत फरक आहे, आणि दुष्काळाच्या वर्षी अशा सरी मोजक्याच येतात. एका बंधाऱ्याने शहराची तहान भागत नाही. विहिरीची पातळी मात्र राखता येते, तीही बंधारा पाणलोट पाहून बांधला असेल तरच.

मित्रांनो, नववी आणि दहावीच्या वर्गांसाठी एक काम भूगोलाच्या शिक्षकांच्या संमतीने ठरले आहे. पत्रकाची छापील प्रत प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावण्यात येईल. प्रत्येक गटाने आपल्या घराची किंवा शेताची जागा त्यावर शोधायची, तेथून उताराच्या दिशेने पेन्सिल फिरवत न्यायची आणि पाणी तावरजेला जाते, तेरणेला की थेट मांजरेला, हे लिहून द्यायचे. पावसाळ्यात पहिला जोराचा पाऊस झाला की त्याच जागी उभे राहून पाणी खरोखर तिकडेच वळते का, हे पाहायचे. कागद आणि जमीन यांत फरक आढळला तर बहुधा मध्ये एखादा नवा रस्ता, मोरी किंवा शेताचा बांध आलेला असेल, कारण पत्रकाची पाहणी होऊन वर्षे लोटली आहेत. अशी जागा सापडल्यास ती तांबड्या शाईने पत्रकावर टिपून ठेवावी आणि शेजारी तारीख घालावी.